फिकट हिरड्या, निळसर पेशी: कुत्र्याचं रक्त सांडलं की आतच फुटलं?

जिंतूरकडच्या शेतातल्या एका आखाड्यावरचा कारवान कुत्रा, वय तीन-साडेतीन वर्षं, टेम्पोच्या हौद्यात पोत्यावर निजवून दवाखान्यात आणला होता. हिरड्या पांढऱ्याफट्ट. उजव्या मांडीवर दोन बोटं लांबीची जखम, कडा सुकत आलेल्या. मालक म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पाच दिसाखाली रानडुकरानं फाडलंय त्याला. लई रक्त गेलं. सलाइन लावा अन् रक्तवाढीचं इंजेक्शन द्या."

गोष्ट पटण्यासारखी होती. जखम समोर दिसत होती, कुत्रा फिकट होता, मधे पाच दिवस गेले होते. आमच्याकडे नुकत्याच आलेल्या इंटर्ननं स्मिअर, म्हणजे काचेवर पातळ पसरलेला रक्ताचा थर, पाहिला आणि तीही म्हणाली, "सर, रिजनरेटिव्ह आहे. म्हणजे रक्त गेलं होतं आणि आता भरून येतंय." तिचं पहिलं वाक्य बरोबर होतं. दुसरं चुकलं होतं, आणि नव्यानं स्मिअर वाचायला बसणारा जवळजवळ प्रत्येक जण इथेच चुकतो. म्हणून हाच कुत्रा समोर ठेवून सगळं सांगतो.

रिजनरेटिव्ह रक्तक्षय म्हणजे अस्थिमज्जा जागी आहे, तिच्यापर्यंत निरोप पोचला आहे आणि ती घाईघाईनं कोवळ्या तांबड्या पेशी बाहेर सोडते आहे. पेशी कमी का झाल्या, हे त्यातून कळत नाही. रक्त जखमेतून मातीत सांडलं तरी मज्जा धावते, आणि अंगातल्या अंगात पेशी फुटल्या तरी धावते. मात्र या दोन प्रकारांत रक्तात मागे काय उरतं, हे वेगळं असतं. सांडलेल्या रक्ताबरोबर पेशी जातात, प्लाझ्मातलं प्रथिन जातं, लोहही जातं. पेशी आत फुटल्या, म्हणजे हिमोलिसिस झालं, तर प्रथिन जागेवर राहतं, लोह पुन्हा मज्जेच्या हाती लागतं, फुटलेल्या पेशींचा रंग प्लाझ्मात उतरतो, आणि ज्या पेशी अजून फुटलेल्या नाहीत त्यांच्या अंगावर खुणा उरतात. या खुणा शोधण्यासाठीच स्मिअर करायचा.

आधी रक्त नीट घ्या

वाईट नमुन्यावर पुढचं सगळं फुकट जातं. ईडीटीएच्या जांभळ्या टोपणाच्या नळीत खुणेपर्यंत रक्त भरा. अर्धवट भरलेल्या नळीत औषध जास्त होतं, पेशी आकसतात आणि काटेरी दिसतात. बारीक सुईतून जोरानं ओढलेलं किंवा सिरिंजचा दट्ट्या दाबून नळीत फेकलेलं रक्त वाटेतच फुटतं. मग लालसर प्लाझ्मा पाहून हिमोलिसिसचं निदान होतं, आणि दोष मात्र आपल्या हाताचा असतो.

स्मिअर जागच्या जागी करा. नळी परभणीला किंवा उदगीरला कॉलेजच्या लॅबमध्ये पाठवायची असली, तरी दोन-तीन स्लाइड आपल्याकडेच ओढून हवेत वाळवा आणि नळीबरोबर पाठवा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात मोटारसायकलच्या डिकीत दोन तास राहिलेल्या रक्ताच्या पेशी ओळखू येत नाहीत. बर्फावर पाठवताना नळी कागदात गुंडाळा, ती बर्फाला थेट टेकू देऊ नका.

रक्तक्षयाचं रक्त पातळ असतं आणि काचेवर पळतं. नेहमी आपण ओढायची काच तीस-चाळीस अंशांत धरतो. इथे ती थोडी जास्त उभी धरा आणि ओढ जरा झपझप ठेवा, नाहीतर स्मिअर स्लाइडच्या टोकापलीकडे जातो आणि शेपटीच हाती लागत नाही.

रंगासाठी लीशमन पुरेसा आहे. स्लाइडवर रंग ओतून दीड-दोन मिनिटं थांबा, मग दुप्पट बफरचं पाणी घालून फुंकरीनं मिसळा आणि सात ते दहा मिनिटांनी धुवा. बफरचा पीएच ६.८ च्या आसपास असावा. बोअरचं खारं पाणी वापरलं की सगळ्याच पेशी निळसर दिसतात, आणि निळसरपणावरच तर पुढचं वाचन उभं आहे.

मज्जा खरंच धावते आहे का

या कुत्र्याचा पीसीव्ही, म्हणजे रक्तातला तांबड्या पेशींचा वाटा, १६ टक्के आला. निरोगी कुत्र्यात तो साधारण ३७ ते ५५ असतो.

स्मिअरवर आधी योग्य जागा शोधावी लागते. जाड भागात पेशी एकमेकींवर चढलेल्या असतात. अगदी टोकाला, शेपटीजवळ, त्या चपट्या होऊन पसरतात. या दोन्हींच्या मधे एक पट्टा असतो, तिथे पेशी एका थरात असतात, काही एकमेकींना टेकतात पण चढत नाहीत. वाचायचं ते या पट्ट्यात. कुत्र्याची तांबडी पेशी सुमारे सात मायक्रॉनची, कडेला गडद आणि मधोमध स्पष्ट फिकट. मांजर, शेळी, गाय यांच्यात हा फिकट भाग इतका ठळक नसतो. म्हणून पुढे जे सांगतो ते मुख्यतः कुत्र्यासाठीच समजा.

कोवळ्या पेशी मोठ्या असतात आणि निळसर-जांभळट दिसतात, कारण त्यांच्यात आरएनए शिल्लक असतो. त्यांना पॉलीक्रोमॅटिक पेशी म्हणतात. निरोगी कुत्र्यात शंभरात एखादी सापडते. या कुत्र्यात ऑइल इमर्शनच्या प्रत्येक क्षेत्रात आठ-दहा होत्या. शिवाय लहान-मोठ्या पेशींची सरमिसळ होती, आणि अधूनमधून केंद्रक असलेली एखादी तांबडी पेशीही दिसत होती.

केंद्रकवाल्या पेशींबद्दल इथेच एक सावधगिरी सांगतो. नुसत्या त्या पाहून रिजनरेशन म्हणू नका. मे महिन्यात उष्माघातानं आलेल्या कुत्र्याच्या रक्तात त्या ढिगानं दिसतात आणि पॉलीक्रोमॅटिक पेशी जेमतेम असतात. तिथे मज्जेला इजा झाल्यानं त्या वेळेआधी बाहेर पडलेल्या असतात. दोन्ही एकत्र वाढलेल्या असतील तरच गणित जुळतं.

आकडा हवा असेल तर रेटिक्युलोसाइट मोजा. न्यू मेथिलीन ब्लू आणि रक्त सारख्याच प्रमाणात एका छोट्या नळीत मिसळा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा, त्याचा स्मिअर ओढा आणि निळं जाळं दिसणाऱ्या पेशी मोजा. या कुत्र्यात त्या १४ टक्के होत्या. पण नुसती टक्केवारी फसवते, कारण मुळात पेशीच कमी असल्या की टक्का आपोआप फुगतो. तांबड्या पेशींच्या एकूण संख्येनं गुणा. इथे ती होती २२ लाख प्रति मायक्रोलिटर. त्याचे १४ टक्के म्हणजे सुमारे ३ लाख ८ हजार. कुत्र्यात ६० हजारांच्या वर गेलं की बहुतेक ठिकाणी रिजनरेटिव्ह धरतात. काही लॅब मर्यादा त्याहून थोडी वर ठेवतात, पण तीन लाखांपुढे तो प्रश्न उरत नाही.

हा आकडा स्वतःच पहिला इशारा होता. रक्त बाहेर सांडलं असतं तर लोहही गेलं असतं आणि मज्जेला कच्चा माल कमी पडला असता. इतकी मोठी उसळी सहसा हिमोलिसिसमध्ये दिसते, कारण फुटलेल्या पेशींतलं लोह लगेच परत वापरायला मिळतं. तरीही हा इशाराच समजा. एकदाच भरपूर रक्त गेलेला, एरवी धडधाकट असलेला कुत्राही चांगली उसळी घेऊ शकतो.

केशनळीतला प्लाझ्मा

पीसीव्हीसाठी फिरवलेली केशनळी वाचून झाली की लगेच टाकून देण्याची सवय असते. ती टाकू नका. आधी ती पांढऱ्या कागदावर धरून रंग बघा. निरोगी कुत्र्याचा प्लाझ्मा जवळजवळ पाण्यासारखा असतो. या कुत्र्याचा हळदीच्या पाण्यासारखा पिवळा होता. हिरड्या इतक्या फिकट होत्या की त्यांच्यावर कावीळ उठून दिसत नव्हती. प्लाझ्मात मात्र ती लपली नाही.

मग पांढऱ्या थराच्या थोडं वर काच खरवडून नळी मोडली आणि प्लाझ्माचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरवर घेतला. प्रथिन ७.४ ग्रॅम प्रति डेसिलिटर. कुत्र्यात साधारण ६ ते ७.५ अपेक्षित असतं. या आकड्यापाशी मी इंटर्नला थांबवलं.

पाच दिवसांपूर्वी या कुत्र्याचं निम्म्याहून जास्त रक्त जमिनीवर गेलं, असं धरून चला. रक्त वाहताना पेशी आणि प्लाझ्मा एकत्रच वाहतात. पहिल्या काही तासांत पीसीव्ही फारसा उतरत नाही, कारण जे उरलं ते त्याच प्रमाणात उरतं, आणि कुत्र्याची पाणथरी, म्हणजे प्लीहा, आकसून साठवलेल्या पेशी बाहेर ढकलते. नंतर ऊतींतलं पाणी रक्तवाहिन्यांत ओढलं जातं आणि पेशी व प्रथिन दोन्ही पातळ होतात. प्रथिन यकृतात काही दिवसांत परत तयार होऊ लागतं. पण पीसीव्ही १६ पर्यंत खाली नेणाऱ्या रक्तस्रावानंतर प्रथिन ७.४ वर असणं अवघड आहे, ते ५ च्या आसपास किंवा खाली मिळायला हवं होतं. पेशी नाहीशा झाल्या होत्या आणि प्रथिन जागेवर होतं. म्हणजे पेशी एकट्या गेल्या होत्या.

आपल्या भागात या तर्कात एक खोट निघू शकते. मराठवाड्यात गोचीड कुठे नाही? गोचिडांतून येणाऱ्या एर्लिकियात कुत्र्याचं ग्लोब्युलिन फार वाढतं. अशा कुत्र्याच्या नाकातून रक्त जात असलं तरी एकूण प्रथिन ८ दिसू शकतं, कारण वाढलेलं ग्लोब्युलिन घट झाकून टाकतं. म्हणून जमेल तेव्हा अल्ब्युमिन वेगळं मोजून घ्या. या कुत्र्याचं अल्ब्युमिन ३.१ आलं, म्हणजे ठीक. प्लाझ्मा दुधाळ किंवा लाल असेल तर रिफ्रॅक्टोमीटर मुळातच जास्त दाखवतो, हेही लक्षात असू द्या.

स्फेरोसाइट: खरी खूण

आता परत मायक्रोस्कोपकडे. त्या एका थराच्या पट्ट्यात, मोठ्या निळसर पेशींच्या शेजारी, लहान, गोल, गच्च भरलेल्या गडद तांबड्या पेशी दिसत होत्या. त्यांच्या मधोमध फिकट भाग नव्हता. शेजारची पेशी मधे फिकट असलेल्या वडीसारखी, तर ही ज्वारीच्या दाण्यासारखी. ऑइल इमर्शनच्या एका क्षेत्रात अशा दहा-बारा. यांनाच स्फेरोसाइट म्हणतात.

त्या कशा तयार होतात हे कळलं की त्यांचं वजन कळतं. पेशीच्या आवरणावर अँटिबॉडी चिकटते. पाणथरीतून जाताना तिथली भक्षक पेशी ती ओळखते आणि पूर्ण न गिळता आवरणाचा लचका तोडते. पेशीतला ऐवज बराचसा तसाच राहतो, पण गुंडाळायला कातडं कमी पडतं. कमी कातड्यात तेवढाच ऐवज मावण्याचा एकच आकार आहे, चेंडू. म्हणून ती वरून लहान दिसते, पण तिचं आकारमान फारसं घटलेलं नसतं. मशीनच्या रिपोर्टात एमसीव्हीवरून, म्हणजे पेशीच्या सरासरी आकारमानावरून, स्फेरोसाइट पकडता येत नाहीत ते यामुळेच. ते डोळ्यांनीच बघावे लागतात.

रक्तस्राव झालेल्या कुत्र्याच्या पेशींना कुणी लचका तोडलेला नसतो. त्याच्या स्मिअरवर कोवळ्या पेशी असतात आणि सामान्य पेशी असतात, हा तिसरा प्रकार नसतो. म्हणून एका क्षेत्रात पाच किंवा जास्त स्फेरोसाइट सातत्यानं दिसले, तर प्रतिकारशक्तीनंच पेशी फोडल्या जात आहेत याला भक्कम आधार मिळतो. एखाद-दोन दिसले तर त्यावर घर बांधू नका.

नव्या माणसाची फसगत बहुतेक वेळा शेपटीपाशी होते. तिथे सगळ्याच पेशी फिकट भाग गमावतात, आणि ते पाहून "सर, सगळे स्फेरोसाइट आहेत" अशी हाक येते. मी तेव्हा एवढंच विचारतो, त्या लहान आहेत का? शेपटीवरच्या पेशी फिकट भाग नसलेल्या पण पसरट आणि मोठ्या असतात. खरा स्फेरोसाइट शेजारणीपेक्षा लहानही असतो आणि गडदही. दोन्ही अटी एकदम पुऱ्या व्हायला हव्यात, आणि एकाच क्षेत्रात सामान्य पेशीही शेजारी दिसायला हव्यात.

रक्त चढवलेल्या कुत्र्यात साठवलेल्या रक्तातलेच स्फेरोसाइट दिसू शकतात. म्हणून रक्त द्यायची वेळ आली तर त्याआधी नमुना आणि स्लाइड घेऊन ठेवा. सापाचं विष आणि पोटात गेलेलं जस्त यांनीही ते दिसतात. घोणस किंवा फुरसं चावल्यावर तर रक्त गोठेनासं होऊन रक्तस्रावही होतो, त्यामुळे तिथे दोन्ही गोष्टी एकाच कुत्र्यात सापडू शकतात. अशा वेळी पायावरची सूज आणि चावा कुठे-कसा झाला ही माहिती स्मिअरइतकीच महत्त्वाची.

सलाइनचा थेंब

ईडीटीएचं रक्त नळीच्या काचेवरून ओघळताना बारीक दाणेदार दिसत होतं. ही चाचणी मिनिटभराची आहे. स्लाइडवर रक्ताचा एक थेंब, त्यात नॉर्मल सलाइनचे चार थेंब, हलक्या हातानं डोलवा, आधी नुसत्या डोळ्यांनी आणि मग कमी पॉवरवर कव्हर स्लिप ठेवून बघा.

प्रथिन जास्त असेल तर पेशी नाण्यांच्या चळतीसारख्या एकावर एक लागतात. एर्लिकियाच्या कुत्र्यांत हे नेहमीचं आहे. सलाइन घातलं की चळती मोडतात. अँटिबॉडीनं बांधलेल्या पेशी मोडत नाहीत, त्या द्राक्षाच्या घडासारख्या वेड्यावाकड्या गुंतलेल्या राहतात. या कुत्र्यात घड राहिले. शंका राहू नये म्हणून आम्ही पेशी सलाइननं तीनदा धुतल्या आणि पुन्हा पाहिलं, तरी घड होतेच.

प्लेटलेट कमी, मग रक्तस्राव नाही का?

हा प्रश्न इंटर्ननं विचारला आणि तो रास्त होता. स्मिअरवर दर क्षेत्रात दोन-तीनच प्लेटलेट होत्या. एका प्लेटलेटला पंधरा हजार धरलं तर तीस ते पंचेचाळीस हजार. कुत्र्यात दोन लाखांच्या आसपास तरी हव्यात. आधी शेपटीवर गुठळ्या शोधल्या, कारण गुठळ्या झाल्या की मधल्या भागात प्लेटलेट खोट्या कमी दिसतात. गुठळ्या नव्हत्या, कमतरता खरी होती.

पण प्लेटलेट कमी असणं आणि रक्त जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रक्त जात असेल तर ते कुठून तरी दिसायला हवं. हिरड्यांवर आणि पोटाच्या उघड्या कातडीवर लाल ठिपके शोधले, सापडले नाहीत. थर्मामीटरवर आलेली विष्ठा पाहिली, डांबरासारखी काळी नव्हती, पिवळसर तपकिरी होती. पोट हातानं तपासलं, त्यात पाणी हिंदकळत नव्हतं. पाणथरी मात्र हाताला मोठी लागत होती. मग मालकांना लघवीचा रंग विचारला. ते जरा थांबून म्हणाले, "तीन-चार दिस झालं, गोठ्याच्या चुन्याच्या भिंतीवर मुततंय तिथं पिवळेजर्द डाग पडलेत. म्हटलं उन्हानं असंल." जखमेबद्दल पुन्हा नीट विचारलं, तेव्हा कळलं की पहिल्या दिवशी हळद दाबून बांधल्यावर रक्त लगेच थांबलं होतं. "लई रक्त" म्हणजे टॉवेलभर.

वीस-बावीस किलोच्या कुत्र्यात पावणेदोन लिटरच्या आसपास रक्त असतं. टॉवेलभर रक्तानं पीसीव्ही १६ वर येत नाही.

फोडतंय कोण?

हिमोलिसिस ठरलं की पुढचा शोध त्याच स्लाइडवर सुरू होतो, आणि आपल्याकडे त्यात तांबड्या पेशीत राहणारा परजीवी बबेशिया पहिला. नळीतल्या रक्ताबरोबरच कानाच्या टोकाला सुई टोचून आलेल्या पहिल्या थेंबाचाही स्मिअर करा. बारीक केशवाहिन्यांत परजीवी असलेल्या पेशी अडकून राहतात, त्यामुळे तिथे त्या सापडण्याची शक्यता जास्त. या स्मिअरमध्ये मुद्दाम शेपटी आणि कडा बघा.

बबेशिया व्होगेली मोठा असतो, नासपतीच्या आकाराचा, बऱ्याचदा जोडीनं टोकाला टोक लावून बसलेला. तो दिसला की चुकत नाही. बबेशिया गिब्सोनी एक ते तीन मायक्रॉनचा, पेशीत बारीक अंगठीसारखा, एका बाजूला जांभळा ठिपका. पेशीवर बसलेली प्लेटलेट आणि रंगाचा कण हे त्याचे दोन तोतये. फाइन फोकस हलवा. पेशीच्या आतली अंगठी पेशीबरोबरच फोकसमध्ये येते. वर बसलेला कण वेगळ्या पातळीवर स्पष्ट होतो आणि त्याच्याभोवती उजळ कडा दिसते.

या कुत्र्यात आम्हाला चाळीस मिनिटांत तीन अंगठ्या सापडल्या. चाळीस मिनिटं मुद्दाम लिहितो आहे, कारण पाच मिनिटं बघून "परजीवी नाही" लिहिलेले रिपोर्ट मी पाहिले आहेत. जुनाट गिब्सोनीत ते फारच थोडे असतात, आणि स्मिअरवर काही न मिळाल्यानं तो नाही असं ठरत नाही. आम्ही पीसीआरला नमुना पाठवला, गिब्सोनी आला. बबेशियामुळे प्रतिकारशक्ती स्वतःच्या पेशींवर उलटते, म्हणून स्फेरोसाइट आणि घडही दिसले. प्लेटलेटची घटही त्यातलीच.

परजीवी सापडला नसता तर न्यू मेथिलीन ब्लूची तीच स्लाइड मी पुन्हा लावली असती. पेशीच्या कडेला चिकटलेला गडद निळा गोळा म्हणजे हाइन्झ बॉडी. कांदा-लसणाचं उरलेलं कालवण रोज घातलेल्या किंवा ताप म्हणून पॅरासिटामॉलची गोळी दिलेल्या कुत्र्यात त्या सापडतात. तिथेही पेशीच फुटत असतात, पण अँटिबॉडीनं नाही, आणि स्टिरॉइडचा तिथे काही उपयोग नाही.

हे सगळं कुठे अपुरं पडतं

पहिले तीन-चार दिवस. मज्जेला कोवळ्या पेशी बाहेर सोडायला तेवढा वेळ लागतो. कालच हिमोलिसिस सुरू झालेल्या कुत्र्यात पॉलीक्रोमॅटिक पेशी दिसणार नाहीत आणि रक्तक्षय नॉन-रिजनरेटिव्ह वाटेल. स्फेरोसाइट आणि पिवळा प्लाझ्मा मात्र त्याआधीही दिसू शकतात. तीन दिवसांनी पुन्हा स्मिअर करा.

पोटातल्या किंवा छातीतल्या रक्तस्रावात तर्क ढिला पडतो. पाणथरीची गाठ फुटून किंवा उंदीर मारायचं औषध खाऊन रक्त पोटात साचलं, तर त्यातलं प्रथिन आणि बऱ्याचशा पेशी परत शोषल्या जातात, लोहही शरीरातच राहतं. प्रथिन लवकर सावरतं, रिजनरेशनही जोमदार दिसतं. म्हणून स्मिअर काहीही म्हणो, पोट तपासल्याशिवाय आणि शक्य असेल तर सोनोग्राफी केल्याशिवाय रक्तस्राव बाद करू नका. पाणथरीच्या अशा गाठीत स्मिअरवर तुटलेल्या, शिंगं फुटल्यासारख्या पेशी दिसतात. त्या दिसल्या तर सोनोग्राफी टाळू नका.

लहान पिल्लं हा वेगळाच मामला. आकड्याकृमींनी महिनाभर रक्त पिलेल्या पिल्लात लोह संपतं. पेशी लहान, मधला फिकट भाग फार मोठा, कडेला कात्रणासारखी पातळ लाल रेघ. हे चित्र संथ रक्तस्रावाचं आहे आणि ते स्फेरोसाइटच्या नेमकं उलट दिसतं. तिथे जंताचं औषध आणि लोह हेच काम करतं. आमच्या कारवानला मात्र लोहाच्या इंजेक्शनची गरज नव्हती, त्याचं लोह अंगातच होतं. मालकांना हे पटवायला थोडा वेळ लागला.

उपचाराबद्दल एवढंच: मोठ्या बबेशियावर चालणारं इमिडोकार्ब गिब्सोनीला पुरत नाही. त्याला ॲटोव्हाक्वोन आणि ॲझिथ्रोमायसिन एकत्र द्यावं लागतं. स्फेरोसाइट दिसले म्हणून परजीवी न शोधताच स्टिरॉइड सुरू करणं आपल्या भागात महागात पडू शकतं. मात्र प्रतिकारशक्तीनं पेशी फार वेगानं फोडायला घेतल्या आणि कुत्रा हातचा जाऊ लागला, तर परजीवीच्या औषधाबरोबर तेही जोडावं लागतं. तो निर्णय अनुभवी डॉक्टरबरोबर बसून घ्या.

सातव्या दिवशी पीसीव्ही २४ होता, प्लाझ्माचा पिवळा रंग बराच उतरला होता, स्फेरोसाइट दर क्षेत्रात तीन-चारवर आले होते. प्लेटलेट सगळ्यात आधी सावरल्या. मालकांनी या खेपेला आखाड्यावरची दुसरी कुत्रीही आणली होती. गिब्सोनी कुत्र्यांच्या चावाचावीतूनही पसरतो, आणि या दोघांची भाकरीवरून रोजची भांडणं. ती दिसायला ठणठणीत होती. तिचा पीसीव्ही ३३ निघाला. कानाच्या टोकाचा स्मिअर इंटर्ननं स्वतः ओढला आणि अर्ध्या तासानं तिनंच मला हाक मारली: शेपटीच्या कडेला, पेशीच्या आत, एक अंगठी.